अर्धा इंची बीएसपी आणि एनपीटी : आटे जुळतात, मग हवा गळते कुठून?

यंत्रवेडा
मंडळी, एक नेमका प्रश्न आहे. वर्कशॉपमधली कॉम्प्रेस्ड एअरची लाईन अर्धा इंची जीआयची आहे, सगळे आटे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे पाईप आटे. तिच्यावर अमेरिकन बनावटीचा फिल्टर-रेग्युलेटर बसवला. त्याची बॉडी ॲल्युमिनियमची असून पोर्टवर अर्धा इंची एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचा पाईप आटा, असं कोरलेलं आहे. फिटरने लाईनचाच निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाईपचा आखूड तुकडा, थेट पोर्टमध्ये लावला. निपल हाताने सुरू झाला, पुढे पान्याने चांगला आवळला गेला. पण ७ बार दाब दिल्यावर साबणाच्या पाण्यात फुगे दिसतात. टेफ्लॉन टेप वाढवून पुन्हा आवळलं की फुगे थांबतात आणि एक-दोन दिवसांत परत येतात.
फिटरचं म्हणणं असं की दोन्हीकडे इंचाला १४ आटे आहेत, दोन्ही अर्धा इंची आहेत, त्यामुळे दोष टेपचा आहे. मला हे पटत नाही. आटे एवढे सारखे असतील तर गळती नक्की कुठून होते? आणि त्यावर उपाय काय?

घाटमाथा
सोपं आहे. बीएसपी सरळ असतो आणि एनपीटी निमुळता. सरळ आटा निमुळत्यात घातला की गळणारच.

आबा पानसे
घाटमाथा, अर्धंच बरोबर आहे. बीएसपीत दोन जाती आहेत, सरळ आणि निमुळती. जीआय पाईपवर डायने पाडतो तो आटा निमुळता असतो. त्याचा निमुळतेपणा १६ ला १, आणि एनपीटीचाही १६ ला १ च. म्हणजे यंत्रवेड्यांच्या जोडणीत निमुळतेपणाचा वांधाच नाही. सरळ बीएसपी भेटतो तो हायड्रॉलिकच्या पोर्टवर, गेजवर, नळाच्या जोडणीवर. त्याच्यावर 'जी' लिहिलेलं असतं आणि तिथे सील आट्यावर होत नाही, वॉशरवर होतं.

शर्वरी का.
फिटरचं एक म्हणणं खरं आहे. अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्हीकडे इंचाला १४ आटेच असतात. घोटाळा इथेच होतो. पाव इंचीत बीएसपीचे १९ आणि एनपीटीचे १८, एक इंचीत ११ आणि साडेअकरा. त्यामुळे त्या मापांत दोन-तीन फेऱ्यांत अडकतं आणि माणूस थांबतो. अर्धा इंचीत अडकत नाही, म्हणून तिथे जास्त फसगत होते.

आता गळती कुठून, ते बघू. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. बीएसपीचा माथा आणि तळ गोलसर असतात, एनपीटीचे सपाट कापलेले. शिवाय एनपीटीचा आटा जास्त खोल असतो. अर्धा इंचीत बीएसपीची खोली १.१६ मिमी आणि एनपीटीची १.४५ मिमी. पण आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास, ज्याला आपण पिच व्यास म्हणतो, तो बीएसपीचा १९.७९ आणि एनपीटीचा १९.७७ मिमी. दोन शतांश मिलिमीटरचा फरक! म्हणूनच निपल मुकाट्याने आत जातो.

तुमच्याकडे नर, म्हणजे निपलाचा बाहेरचा आटा, बीएसपी आहे आणि मादी, म्हणजे पोर्टाचा आतला आटा, एनपीटी. नराच्या माथ्याचा व्यास २०.९५ मिमी. मादीचा तळ मात्र २१.२२ च्या आसपास आहे. म्हणजे नराच्या माथ्यावर, प्रत्येक बाजूला साधारण ०.१३ मिमी पोकळी राहिली. उलट नराच्या तळाशी मादीचा माथा आधीच दाबून बसतो, कारण तिथे मादीचा व्यास नरापेक्षा कमी आहे. त्यामुळे पान्याला घट्ट लागतं. तो घट्टपणा त्या तळाच्या कडेवरच्या रेषेचा असतो, आट्याच्या दोन्ही उतारांवर पूर्ण टेकून आलेला नसतो.

ती माथ्यावरची पोकळी आट्याबरोबर फिरत जाते. एका फेरीचा परीघ ६ सेंमीहून थोडा जास्त. पाच फेऱ्या अडकल्या असतील तर साधारण ३० सेंमी लांबीची गोल गोल जाणारी एक बारीक नळी तयार झाली. तिचं एक टोक लाईनच्या आत, दुसरं बाहेर. हवा तिच्यातून येते.

निशिगंध
शर्वरीताई, मग टेपने ती नळी बुजत नाही का? टेफ्लॉन टेपचं कामच ते आहे ना?

शर्वरी का.
बुजते, पण टिकत नाही. बरोबर जुळलेल्या निमुळत्या आट्यांतही माथ्या-तळाशी थोडी पोकळी असतेच. टेप तीच भरून काढतो, कारण बाकी सगळीकडे धातूला धातू टेकलेला असतो आणि टेपला हलायला जागा नसते. इथे मात्र धातू एका रेषेवर टेकलाय आणि टेप मोकळ्या जागेत कोंबलाय. कॉम्प्रेसर सुरू-बंद होतो, दाब वर-खाली होतो, लाईन थरथरते, आणि टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू सरकतो. तुम्ही सांगितलेलं 'एक-दोन दिवसांत परत' हे त्याचंच लक्षण. टेप आधी कामाला आला आणि मग हटला.

आबा पानसे
आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे फुगे आले की अजून एक फेरी. निमुळता नर म्हणजे पाचर. ॲल्युमिनियमच्या पोर्टात स्टीलचा निपल असा ठोकत गेलं की पोर्टाच्या तोंडाशी उभी चीर जाते. ती सुरुवातीला दिसतही नाही, आवळल्यावर बॉडीच्या बाहेरून साबणपाण्यात रेषेत फुगे येतात तेव्हा कळते. फुगे आट्याच्या तोंडातून येतायत की बॉडीच्या अंगातून, हे नीट बघा. अंगातून येत असतील तर रेग्युलेटर गेला.

हेमांगी
माझ्या आरओच्या मेंब्रेन हाउसिंगला एल्बो लावला तर तोही असाच गळतो. प्लॅस्टिकचा आहे. त्यालाही हेच का? दुकानदार म्हणतो आवळा, बसेल.

शर्वरी का.
हेमांगी, आवळू नका, प्लॅस्टिक लगेच चिरतं. त्या हाउसिंगची टोकं बहुतेक वेळा बारीक, एक-अष्टमांश इंची एनपीटी असतात, म्हणजे इंचाला २७ आटे. बीएसपीचे त्या मापात २८. फरक एकाचाच आहे, पण पाच-सहा आट्यांत तो जमा होतो आणि पुढे प्लॅस्टिकचा आटा चुरडला जातो. एल्बोवर किंवा पाकिटावर काय लिहिलंय ते बघा आणि हाउसिंगच्या जातीचाच मागा. आधीचा एल्बो जबरदस्तीने लावला होता का, तेही पाहा. लावला असेल तर आता योग्य एल्बोही गळू शकतो, कारण हाउसिंगचा आटाच बिघडलेला असेल.

डेट्रॉइटकर
मी उलट अनुभव सांगतो. पुण्याहून आणलेला हँड शॉवर मी इथल्या अमेरिकन शॉवर आर्मला लावला. आर्म अर्धा इंची एनपीटी, शॉवर बीएसपी. एक थेंब गळत नाही. उगाच घाबरवताय.

आबा पानसे
डेट्रॉइटकर, त्या शॉवरच्या नटात रबरी वॉशर आहे ना? आर्मचं टोक जाऊन त्या वॉशरवर दाबलं जातं आणि पाणी तिथेच अडतं. आटा फक्त दाबून धरतो. आटा मोजून १४ असला आणि दोन-तीन फेऱ्या धरल्या की झालं. हे उदाहरण चुकीचं नाही, पण प्रश्नातली जोडणी तशी नाही. तिथे वॉशर नाही, सील आट्यानेच करायचंय, आणि ७ बारला. तुमच्या घरात आटा नुसतं धरायचं काम करतोय.

डेट्रॉइटकर
हो, वॉशर आहे. पटलं.

कुंभारवाडा
मी जीआयच्या प्लंबिंगचं साहित्य विकतो. गिऱ्हाईक 'चार सुताचा सॉकेट द्या' म्हणतं, कोणी जात विचारत नाही. पितळी फिटिंगवर बऱ्याचदा मापच तेवढं असतं, जात नसते. पाण्याच्या लाईनीत मिसळलेलं चालतं हे मी रोज बघतो. दोन मजली घरात टाकीचा दाब एक बारसुद्धा नसतो. सुतळी आणि सफेदा लावला की वर्षानुवर्षं गळत नाही. मग प्रत्येक ठिकाणी एवढा कडक नियम कशाला?

शर्वरी का.
कुंभारवाडा, पाण्याचं तुमचं निरीक्षण मी नाकारत नाही. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक बार, आणि पाणी हवेपेक्षा घट्ट असल्याने त्याच फटीतून फार कमी झिरपतं. वर पाण्यातला क्षार आणि गंज फट भरून काढतात. हवेला हे काही लागू नाही. पण माझा आक्षेप वेगळा आहे. पाण्याच्या लाईनीत आज चाललेला मिश्र निपल उद्या कोणीतरी उघडतो. उघडल्यावर मादीचा आटा दबलेला असतो, मग तिथे योग्य फिटिंगही धड बसत नाही. बूस्टर पंप लावला की दाबही वाढतो.

कुंभारवाडा
बूस्टरचा मुद्दा मान्य. बाकी घरगुती लाईनीबद्दल माझं मत आहे तेच आहे.

यंत्रवेडा
चर्चा छान चाललीय. मला दोन गोष्टी हव्यात. एक, हातातला आटा कोणता आहे हे खात्रीने कसं ओळखायचं? फिल्टरवर लिहिलेलं होतं म्हणून कळलं, पण आमच्या रॅकमधल्या जुन्या निपलांवर काहीच नाही. दोन, आता ही जोडणी दुरुस्त कशी करू?

घाटमाथा
व्हर्नियर लावा. २०.९ आलं तर बीएसपी, २१.३ आलं तर एनपीटी.

आबा पानसे
व्हर्नियर अर्धा इंचीत फसवतो. आटा निमुळता आहे, त्यामुळे कुठे मोजलं त्यावर आकडा बदलतो. दोन आटे पुढे सरकलात की व्यास पाव मिलिमीटरने बदलला, आणि दोन जातींतला फरक जेमतेम तेवढाच आहे. वापरलेल्या निपलाचा माथा झिजलेला असतो, तेही धरा. व्हर्नियरचा उपयोग पाव इंचीत होतो. तिथे १३.१ आणि १३.७ असा ठळक फरक आहे.

अर्धा इंचीला थ्रेड गेज, म्हणजे आट्यांच्या मापाचे दात असलेल्या पानांचा संच, घ्या आणि दोन पानं वापरा. ५५ अंशांच्या व्हिटवर्थ संचातलं १४ चं पान आणि ६० अंशांच्या इंची संचातलं १४ चं पान. निपल पुसून, उजेडाकडे धरून, आट्याच्या लांबीच्या दिशेने पान टेकवा. जे पान जुळेल ते सगळ्या दातांत बसतं आणि उजेड दिसत नाही. चुकीचं पान लावलं तर दाताच्या बाजूला पाचरीसारखी बारीक उजेडाची रेष दिसते. एक इशारा : मिलिमीटरच्या संचातलं १.७५ चं पान लावू नका. त्यात आणि १४ च्या आट्यात फरक इतका कमी आहे की तीन-चार आट्यांवर ते बसल्यासारखं वाटतं.

पान नसेल तर भिंग घेऊन माथा बघा. नवा निपल असेल तर बीएसपीचा माथा गोल, नख फिरवलं तर घसरतं. एनपीटीच्या माथ्याला दोन कडा जाणवतात.

शर्वरी का.
अजून एक चाचणी आहे, तिला कोणतंच साधन लागत नाही. कोरडा निपल, टेप न लावता, फक्त हाताने फिरवून बघा. जुळत्या जोडणीत अर्धा इंचीचा निपल हाताने चार ते साडेचार फेऱ्या जातो, मग पान्याने दीड-दोन-अडीच. मिसळलेल्या जोडणीत माथ्या-तळाची अडचण लवकर येते. हिशोबाने दोन-अडीच फेऱ्या कमी जातात. बनवण्यातल्या सुटीमुळे एखादी फेरी इकडेतिकडे होऊ शकते, त्यामुळे ही चाचणी एकटी पुरावा धरू नका. पण हाताने दोन फेऱ्यांत निपल थांबला, तर पाना उचलायच्या आधी गेज शोधा.

निशिगंध
हे ५५ आणि ६० आले कुठून? सगळ्यांनी एकच का नाही ठेवला?

भिवा देशमुख
इंग्लंडमध्ये व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांचा, गोल माथ्याचा आटा सुचवला. अमेरिकेत सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा सपाट माथ्याचा मांडला. त्याचं म्हणणं होतं की तो बनवायला आणि मोजायला सोपा. पाईपच्या आट्याचं अमेरिकन माप ब्रिग्जच्या कामावरून १८८६ मध्ये ठरलं, त्यातही ६० च आला. पाईपची मापं मात्र दोन्हीकडे जवळपास तीच राहिली, म्हणून आज आपल्याला अर्धा इंची दोन जातींत मिळतो. आपल्याकडे जीआय पाईपचे आटे ५५ वालेच आहेत. जपानी यंत्रांवर 'पीटी' किंवा 'आरसी' लिहिलेलं दिसतं, तेही ५५ चेच. पीटी म्हणजे एनपीटी समजून चुकीचा ॲडॉप्टर मागवणारे बरेच असतात.

यंत्रवेडा
पीटीचं लक्षात ठेवतो. आता दुरुस्ती सांगा. टॅप मारून पोर्टच बीएसपी करून टाकला तर?

शर्वरी का.
नको. एनपीटीच्या पोर्टाचा तळ आधीच जास्त खोल आणि रुंद आहे. त्यात बीएसपीचा टॅप फिरवला तरी गेलेला धातू परत येणार नाही. दोन कोनांचा खिचडी आटा होईल आणि पोकळी तशीच राहील. वर ॲल्युमिनियमची भिंतही कमी होईल.

आबा पानसे
माझं सरळ उत्तर : जीआयचा निपल दोन्ही टोकांना दोन जातींचा पाडून घ्या. पाईपचा बाहेरचा व्यास दोन्हीला एकच, साधारण २१.३ मिमी. एका टोकाला बीएसपीची डाय, दुसऱ्याला एनपीटीची. फक्त पाईप लाल पट्टीचा, सी क्लासचा घ्या. एनपीटीचा आटा जवळपास दीड मिलिमीटर खोल जातो. ए क्लासची भिंत २ मिमी, म्हणजे आट्याखाली अर्धा मिलिमीटर उरतो. बी क्लासची २.६, सीची ३.२. थरथरणाऱ्या लाईनीत सीच हवा.

शर्वरी का.
आबांचं बरोबर, पण एनपीटीची डाय प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसते. तयार ॲडॉप्टर मिळतो. मागताना 'एका टोकाला नर अर्धा इंची एनपीटी, दुसऱ्या टोकाला मादी अर्धा इंची निमुळता बीएसपी' असं पूर्ण सांगा. नुसतं 'अर्धा बाय अर्धा' म्हटलंत तर दोन्हीकडे बीएसपीच येईल.

बसवताना लाईनचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावा आणि दाब पूर्ण सोडा. जुना निपल काढल्यावर पोर्ट वाऱ्याने नाही, ब्रशने साफ करा, नाहीतर ॲल्युमिनियमचा चुरा आत जाईल. मग नवा ॲडॉप्टर टेप न लावता हाताने लावून बघा. चारएक फेऱ्या गेला आणि डुगडुगला नाही, तर पोर्ट वाचलाय. खूप आत गेला किंवा हलला, तर आधीच्या आवळण्याने पोर्ट फुगलाय. तो वाचवायचा प्रयत्न करू नका.

पोर्ट चांगला असेल तर टेपचे तीन-चार वेढे, फिरवण्याच्या दिशेने, आणि टोकाचा पहिला आटा उघडा ठेवून. त्या आट्यावर टेप आला तर त्याचे तुकडे रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतात आणि दाब स्थिर राहत नाही. एक पाना ॲडॉप्टरवर, दुसरा पोर्टाच्या चपट्या बाजूवर, म्हणजे बॉडी पिळली जाणार नाही. लाईनच्या बाजूला एक युनियन टाका, पुढे रेग्युलेटर काढताना पाईप फिरवावा लागणार नाही.

कुंभारवाडा
ॲनरोबिक सीलंट का नाही वापरत? धातूत कडक होतो, सरकत नाही. बीएसपी-एनपीटीची ०.१३ मिमी पोकळी त्याने सहज भरेल.

शर्वरी का.
पोकळी भरेल हे खरं. पण तो सील राखेल, आट्याचं टेकणं नाही सुधारणार. भार अजूनही त्या रेषेवरच राहतो आणि ॲल्युमिनियमवरचा ताण कमी होत नाही. काढताना तापवावं लागलं तर रेग्युलेटरचे रबरी भाग खराब. निदान ॲल्युमिनियमच्या पोर्टावर मी नाही म्हणेन.

आबा पानसे
मी पोलादी बॉडीवर, थरथर नसलेल्या कमी दाबाच्या जागी, तात्पुरता म्हणून चालवून घेईन. शर्वरीताई तेही नको म्हणतील.

शर्वरी का.
हो, नकोच म्हणेन. पाटी लावून ठेवलेला तात्पुरता जोड पाटी पडल्यावर कायमचा होतो.

यंत्रवेडा
ॲडॉप्टर मागवलाय, बॉडीला चीर दिसत नाही. निपल काढला तेव्हा पोर्टातल्या पहिल्या दोन आट्यांचे माथे चपटे झालेले दिसले, पुढचे ठीक आहेत. हे तळाशी दाबून बसण्याचंच चिन्ह ना? आणि अशा पोर्टात ॲडॉप्टर चालेल का?

आबा पानसे
चिन्ह तेच. हाताने चार फेऱ्या जातो का बघा. गेला तर लावा. ७ बारला साबणपाणी लावून अर्धा तास बघा, मग दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर पाच-सहा वेळा सुरू-बंद झाल्यावर परत एकदा. रॅकमधले निपलही त्याच दिवशी गेज लावून वेगळे करा. एनपीटीवाल्यांच्या षटकोनावर लाल रंगाचा पट्टा मारा.

हेमांगी
माझ्या हाउसिंगवर बारीक अक्षरात एनपीटी लिहिलेलं सापडलं. एल्बोच्या पाकिटावर काहीच नाही. गेज कुठे मिळेल?

कुंभारवाडा
हेमांगी, हार्डवेअरच्या दुकानात थ्रेड गेज मागा, पण ६० अंशांच्या संचात २७ चं पान आहे ना ते आधी बघून घ्या. स्वस्त संचांत बऱ्याचदा २४ नंतर थेट २८ असतं.